अठरा गोण्यांची पट्टी

हिशोबपट्टी हातात आली की माणूस आधी तळाचा आकडा बघतो. मग तोंड वाकडं करतो, कागदाची घडी घालतो आणि खिशात कोंबतो. लीलाधरनानाचं म्हणणं असं, की खालून वाचणाऱ्याला पट्टी जन्मात कळायची नाही. वरून सुरुवात करावी, एकेका ओळीवर बोट ठेवावं आणि बोटाखालची ओळ पटल्याशिवाय पुढे सरकू नये.

त्याला हे सांगायचा अधिकार होता. एकतीस वर्षं तो तालुक्याच्या बाजार समितीत मापाडी होता. मापाडी म्हणजे काट्याजवळ उभं राहून गोणीचं वजन मोठ्यानं सांगणारा माणूस. गोणी काट्यावर चढली, की त्यानं आकडा पुकारायचा आणि शेजारी वही घेऊन बसलेल्यानं तो लिहायचा. मग आडत्याच्या पेढीवर त्या वजनावरून पट्टी तयार व्हायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी नानाचा आवाज अजून तसाच होता. गावात कुणाचाही माल विकला गेला, की दुसऱ्या दिवशी पट्टी नानाच्या ओट्यावर. चहासुद्धा न घेता तो वाचून द्यायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. घरात बायको विचारत नाही, पोरगा चाळीसगावला नोकरीला, सून फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही. निदान पट्टी घेऊन येणारा माणूस तरी मान खाली घालून ऐकतो.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अकरा दिवस राहिले होते, तेव्हा नानीबाई आली. पासष्टीची बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, एकुलती लेक पाचोऱ्याला दिलेली. तिची तीन एकर काळी जमीन पुतण्या गोपाल निम्मे बटाईनं करायचा, म्हणजे पीक निघालं की अर्धं तिचं, अर्धं त्याचं. यंदा दादर ज्वारी चांगली झाली होती. वाटे वावरातच पडले आणि तिच्या वाट्याच्या वीस गोण्या भरल्या. दोन घरात ठेवल्या, अठरा गोपालनं स्वतःच्या मालासोबत पिकअपमध्ये टाकून बाजार समितीत नेल्या.

नानीबाई ओट्याच्या कडेला टेकली आणि पदराची गाठ सोडून तिनं कागद पुढे केला.

"वाची दे, भाऊ. माले अक्षर दखात नही."

"पैसे मिळाले ना, अक्का?"

"मियनात. बत्तीस हजार आठशे शहात्तर. त्यानी मना हातमा ठेवात." ती थांबली. "कमी शेतस."

"किती कमी?"

"सोळाशे चौऱ्याऐंशी."

आकडा तिनं असा सांगितला की नानानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. तिनं तो दहा वेळा मोजून आणलेला दिसत होता. झालं होतं असं, की माल जाण्याआधी नानीबाईनं प्रत्येक गोणी उषाच्या पिठाच्या चक्कीवरच्या काट्यावर मोजून घेतली होती. उषानं काटा साठला आणला, वर ओंजळभर टाकली, तोंड शिवलं. अठरा गोण्या, साठप्रमाणे दहा क्विंटल ऐंशी. भाव मिळाला बत्तीसशे. उषानंच मोबाइलवर हिशोब करून दिला होता, चौतीस हजार पाचशे साठ व्हायला हवेत.

"हमाली-तोलाई कापली जाते, अक्का."

"ते माले ठाऊक शे. सोळाशे कापतस का?" मग तिनं आवाज खाली आणला. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी आणला. "त्यानी मारगमा अर्धी गोणी कोठे तरी उतारी दिधी. त्याना बापनी बी असंच करेल व्हतं."

नानानं तिच्या हातातून कागद घेतला.

"माले भांडन नही करनं," नानीबाई म्हणाली. "मी इतलंच इचारस. तू वाची सांग. गोपालनी खादं व्हई, ते अखाजीले मी वावर दुसराले दी टाकसू. दोन जन येल शेतस माले इचाराले."

आता यातलं गांभीर्य परक्याला कळायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. आमच्याकडे सालदार ठेवायचा, काढायचा, जमीन बटाईनं द्यायची, काढून घ्यायची, हे सगळं अखाजीला होतं. गोपालची स्वतःची दीड एकर. या तीन एकरांवरच त्याचं घर चालत होतं, आणि मागच्या साली त्यानं पदरचे पैसे घालून तिथे ठिबक अंथरलं होतं. पण ते एक वेळ बाजूला ठेवू. काकूनं चोर म्हणून वावर काढून घेतलं, तर पंचक्रोशीत दुसरं कोण त्याला बटाईनं देणार होतं? बाप तसाच, पोरगाही तसाच, असं लोक म्हणाले असते, आणि ते त्याला आयुष्यभर पुसता आलं नसतं.

नानानं पट्टी मांडीवर सपाट केली.

"ऐक, अक्का. वरून वाचतो. गोणी अठरा. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे गोणी कुठं उतरली नाही. अठराच्या अठरा काट्यावर गेल्या. पुढं भरती. भरती म्हणजे एका गोणीत किती भरलं." बोट त्या आकड्यावर आलं आणि तिथेच थांबलं. भरती ५९. सगळ्या गोण्यांना एकोणसाठ.

नानाला त्याच क्षणी सगळं कळलं. पण बोट त्यानं पुढे सरकवलं, आपलाच नियम मोडून.

"एकूण वजन दहा बासष्ट. मग हे बघ, बारदान वजा अठरा किलो. हे चुकीचं आहे. बारदान म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन. पूर्वी तागाची पोती असायची, क्विंटलची, रिकामं पोतं किलोभर भरायचं, म्हणून किलो कापायचे. तुझ्या प्लास्टिकच्या गोण्या. शंभर-सव्वाशे ग्रॅमची एक. अठरा गोण्यांचे मिळून दोन किलो होतील फार तर. त्यांनी अठरा कापले. यातच पाचशे बारा रुपये गेले."

नानीबाई लक्ष देऊन ऐकत होती.

"निव्वळ दहा चव्वेचाळीस. भाव बत्तीसशे. तेहतीस हजार चारशे आठ. हमाली एकशे चव्वेचाळीस, गोणीमागे आठ. तोलाई चौपन्न, गोणीमागे तीन. हे दोन्ही बरोबर." तोलाईच्या ओळीवर त्याचं बोट जरा जास्त रेंगाळलं. त्या तीन-तीन रुपयांवर त्याचं घर उभं राहिलं होतं. "आडतीपुढं रेघ मारली आहे. आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, आता शेतकऱ्याच्या पट्टीतून कापत नाहीत, खरेदीदार देतो. आणि हे शेवटचं, वटाव. तीनशे चौतीस. शंभराला एक."

"वटाव कसाना?"

"रोख पैसे दिले म्हणून कापला. तोही चुकीचा. ज्या दिवशी माप झालं त्याच दिवशी पैसे द्यायचे असा नियमच आहे. नियम पाळल्याचे पैसे कापता येत नाहीत. बाजार समितीत पट्टी दाखवली की परत मिळतील."

नानीबाईनं बोटांची पेरं मोजली. बाई शाळेत गेली नव्हती, पण चाळीस वर्षं दूध विकलेली होती.

"हाई पुरं नही व्हत, भाऊ. बारदान, हमाली, तोलाई, वटाव, हाई बठ्ठं धरं तरी पाचशे शहात्तर रहातस." तिनं बोट नेमकं त्या ओळीवर ठेवलं. अक्षर दिसत नव्हतं, पण नानाचं बोट कुठे अडखळलं होतं ते तिनं पाहिलं होतं. "साठनं एकोणसाठ कसं व्हयनं?"

इथे नानाकडे तीन उत्तरं होती. एक, गोपालनं प्रत्येक गोणीतून किलोभर काढलं. ते खोटं होतं, आणि शिवलेली अठरा तोंडं उसवून किलो-किलो काढत बसणारा चोर नानानं पाहिला नव्हता. दोन, चक्कीचा काटा खोटा. तेही खोटं, पण त्यानं कुणाचं घर बुडत नव्हतं. तीन, जे खरं होतं ते.

खरं असं होतं, की मापाडी एक कमी पुकारतो. काटा साठ दाखवो, तोंडानं एकोणसाठ म्हणायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, कुणी कुणाला कागदावर सांगत नाही. नाना कामाला लागला तेव्हा त्याच्या गुरूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, धूळ असते, ओल असते, वानगीला, म्हणजे नमुन्याला, मूठभर जातं, व्यापाऱ्याला तूट येता कामा नये. काटा काय दाखवायचं ते दाखवू दे, तोंडात एक कमी ठेव. पंधरा दिवसांत जीभ वळली. पुढे जुने काटे गेले, लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक आले, आकडा लांब उभ्या माणसालाही दिसायला लागला. पण शेतकरी तेव्हा गोणीला हात लावत असतो, किंवा मागच्या गोण्या मोजत असतो. आकडा कानानं घ्यायची त्यालाही सवयच. नानानं एकतीस वर्षांत किती गोण्या पुकारल्या, त्याचा हिशोब त्यानं कधी केला नाही. करायला बसला असता तर त्या रात्री झोपला नसता.

आणि नानीबाई ज्या बापाचं नाव घेत होती, त्या अभिमनची पट्टीसुद्धा नानानंच वाचली होती. बावीस वर्षांपूर्वी. अभिमन म्हणजे नानीबाईचा जेठ, तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ आणि गोपालचा बाप. दोघा भावांची सामाईक तूर त्यानं विकली आणि ती घरच्या वजनापेक्षा कमी भरली. धाकट्यानं थोरल्याला चोर ठरवलं. दोघं भाऊ पट्टी घेऊन याच ओट्यावर आले होते. नानानं पट्टी वाचली आणि म्हणाला, पट्टी बरोबर आहे. पट्टी बरोबरच होती. पुकारलं तेच लिहिलं होतं. त्यानंतर महिन्याभरात घराच्या मध्ये भिंत उभी राहिली.

"चक्कीचा काटा बघून घे, अक्का," नाना म्हणाला. "उषाचा काटा किलोभर जास्त दाखवत असणार."

नानीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, कागद घेतला, गाठ मारली आणि गेली.

नानाला वाटलं, भागलं. गोपालही सुटला, आपणही सुटलो. उषा दोन दिवस कुरकुर करील आणि विसरून जाईल.

उषा विसरणारी नव्हती. दिवेलागणीच्या आत ती नानाच्या दारात उभी. अंगावर पीठ, हातात वजनमापे खात्याचं प्रमाणपत्र. बचत गटाच्या कर्जातून तिनं चक्की घेतली होती आणि गावातल्या निम्म्या बाया तिच्याकडे दळण टाकायच्या. काटा खोटा म्हटल्यावर कोण येणार होतं?

"नाना, शिक्का याच जानेवारीतला आहे," ती म्हणाली. "तुम्ही मापाडी. तुमचं बोलणं गाव खरं मानतं. मग तुम्ही बोलायच्या आधी एकदा येऊन बघायचं होतं."

"मी फक्त शक्यता सांगितली गं."

"तुमची शक्यता आतापर्यंत चार घरांत गेली." मग ती मुद्द्यावर आली. "काकूच्या घरात दोन गोण्या आहेत. त्याच दिवशी, त्याच काट्यावर भरलेल्या. माझी शिवण तशीच आहे. उद्या एक गोणी बाजार समितीच्या काट्यावर ठेवा. एकोणसाठ भरली तर मी काटा विकून टाकते. साठ भरली तर तुम्ही गावासमोर सांगा, की उषाचा काटा खरा."

नाही म्हणायला जागाच नव्हती. आणि साठ भरणार हे नानाला ठाऊक होतं. साठ भरली, की चक्कीही सुटणार आणि संशय पुन्हा गोपालवर येऊन बसणार. रात्री त्यानं भाकर अर्धी टाकली. बायकोनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, पित्त आहे.

सकाळी गोपालच्या पिकअपमध्ये पुढे नानीबाई, मधे नाना, आणि मागे एकटी गोणी. गोपाल पस्तिशीचा, बोलायला कमी. त्याला सगळं कळलेलं होतं. गाव केवढं, आणि बातमी केवढी. गाडी चालवताना तो एवढंच म्हणाला, "काकू, माझ्या बावीस गोण्या होत्या. माझीही भरती एकोणसाठच लागली. मी घरी मोजल्या नव्हत्या."

नानीबाई समोर रस्त्याकडे बघत होती.

बाजार समितीत लिलाव संपत आले होते. दादरचे ढीग, मक्याचे ढीग, हमालांची ये-जा, चहाच्या टपरीवर गर्दी. नाना आल्याचं कळताच दोघा-तिघांनी रामराम घातला. नानीबाईनं आधी ऑफिस गाठलं. तिथे दिपमाला नावाची बाजार निरीक्षक होती, तिशीची, बोलायला नीट. नानीबाईनं पट्टी तिच्यापुढे ठेवली. दिपमालानं ती वरून खाली वाचली, बारदानाच्या आणि वटावाच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारली आणि पेढीवर निरोप धाडला.

पेढी सुरेशचंद नावाच्या आडत्याची. आता त्याचा मुलगा अखिल बघायचा. तो स्वतःच आला, स्वच्छ शर्ट, हातात कॅल्क्युलेटर. भांडायला आलेला नव्हता.

"काकू, बारदान किलोचं आमच्या प्रोग्राममध्येच टाकलेलं आहे, तागाच्या वेळचं. कुणी बदललं नाही. दोन किलो राहू द्या, सोळा किलोचे देतो. वटावही देतो." त्यानं लगेच आकडा काढला. "पाचशे बारा आणि तीनशे चौतीस. आठशे सेहेचाळीस. ठीक?"

"आनि एकोणसाठ?" नानीबाईनं विचारलं.

"ते वजन आहे, काकू. काट्यावर जे भरलं ते आम्ही लिहितो. त्यात पेढीचं काही नसतं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला वजन वहीतूनच मिळायचं. दिपमालानं नानीबाईचं म्हणणं ऐकून घेतलं, घरची गोणी आणली आहे हे ऐकलं, आणि म्हणाली, "चला काट्यावर. बघून घेऊ."

काट्याजवळचा मापाडी नानाच्याच हाताखाली शिकलेला. तो चहाला गेला होता. वहीवाला पोरगा पेन कानावर ठेवून बसला होता. दोन हमालांनी गोणी उचलून काट्यावर ठेवली. लाल आकडे धावले आणि थांबले.

नानाच्या मनात काय होतं, ते सांगणं सोपं नाही. त्यानं रात्रभर ठरवलेलं होतं, की आपण साठ म्हणायचं, उषाचा काटा खरा म्हणायचं, आणि पुढचं पुढे. गोपालबद्दल विचारलंच, तर काहीतरी जुळवून सांगू, उन्हानं दाणा वाळतो, प्रवासात शिवण सुटते. पण तो काटा त्याचा होता. एकतीस वर्षांची जागा त्याची होती. हमाल मागे सरले, गोणी स्थिर झाली, वहीवाला पोरगा आपसूक पेन घेऊन सरसावला, आणि नाना कुणी न सांगता काट्यापुढे गेला. चष्मा वर केला, वाकून आकडा पाहिला, आणि मान वर करून जुन्या, सबंध शेडभर जाणाऱ्या आवाजात त्यानं पुकारलं.

"एकोणसाठ."

पोरानं ५९ लिहिलं.

नानाला काही कळलंच नाही. तो पुढच्या गोणीसाठी हात करणार होता. दिपमाला काट्याकडे बघत होती म्हणून त्यानं बघितलं. लाल आकडे होते तिथेच होते. साठ, आणि पुढे दोनशे ग्रॅम.

हमालांपैकी एक हसला आणि लगेच गप्प झाला. अखिल आकड्याकडे, मग नानाकडे, मग जमिनीकडे बघत राहिला. वहीवाल्या पोरानं घाबरून पेन कागदावरून वर उचललं.

"पुन्हा सांग, भाऊ," नानीबाई म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

"साठ," नाना म्हणाला.

"पहिले काय सांगं?"

त्याला लाज वाटली. एवढी की हात कुठे ठेवावेत ते कळेना. बायकोला, पोराला, कुणालाच कधी सांगितली नव्हती ती गोष्ट स्वतःच्या तोंडानं चारचौघांत ओकून टाकली होती, आणि तीही ठरवून नाही. ठरवून बोलला असता तर निदान स्वतःला काहीतरी मान देता आला असता.

"एक कमी पुकारतात," तो दिपमालाकडे बघून म्हणाला. नानीबाईकडे बघवेना. "गोणीमागे. पहिल्यापासून तसंच आहे. मीही तसंच करत आलो. गोपालनं काही घेतलेलं नाही. उषाचा काटा खरा आहे."

दिपमालानं वही पोराच्या हातातून घेतली, ५९ वर रेघ न मारता त्याच्या बाजूला काट्याचा आकडा लिहिला आणि खाली सही केली. मग म्हणाली, "नाना, हे तुम्ही लिहून द्याल का? तुमच्या नावानं?"

"देतो."

अर्ज तिनंच लिहिला, नानानं सांगितला. सही कागदावर नेहमीसारखीच उमटली. अखिलनं अठरा किलोचे पाचशे शहात्तर वेगळे मोजून दिले. "आमच्या खिशात ते आले नव्हते असं मी म्हणणार नाही," एवढं तो बोलला. सगळे मिळून चौदाशे बावीस झाले. गोपालला त्यानं सांगितलं, तुमची पट्टी आणा, बघू. मापाडी चहा पिऊन परत आला, तेव्हा त्याला ऑफिसात बोलावल्याचा निरोप होता. नानानं त्याच्याकडे बघितलं नाही.

गोणी परत गाडीत चढली. गाडी सावलीत उभी होती. नानीबाईनं पैसे मोजले नाहीत, पदरात बांधले आणि गोपालसमोर जाऊन उभी राहिली. तो दार उघडून थांबला होता.

"वावर तूच कर," ती म्हणाली.

"बरं, काकू."

"तुनं नाव मी चार जागे खराब करं. त्या चारी जागे मी सोता जाई सांगसू."

गोपालनं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, ते त्यानं उन्हावर ढकलले.

"अखाजीले तू तुना बापनी घागर भरस ना?"

अखाजीला आमच्याकडे घरोघरी वारलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पूजतात, भाऊबंद जेवायला येतात. अभिमनला जाऊन बारा वर्षं झाली होती. नानीबाई त्या घागरीला एकदाही गेली नव्हती. त्याच्या मौतीलासुद्धा भिंतीच्या अलीकडेच बसून राहिली होती. नवऱ्यानंच तसं सांगितलं होतं, आणि तिलाही ते तेव्हा पटलं होतं.

"भरतो, काकू."

"औंदा मी येसू."

नाना चार पावलं मागे उभा होता. गाडीत बसावं की एसटीनं जावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. नानीबाई वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तू बी ये, भाऊ."

"मी?"

"भाऊबंद बठ्ठा राहतीन. मना जेठले चोर म्हननारा बी राहतीन. त्यासनासमोर सांगजो."

"काय सांगू, अक्का?"

"त्या सालले तुरीन्या गोण्या कितल्या व्हत्यात, ते सांग. मंग किलो कितला कमी भरनात, ते सांग." ती गाडीत चढता चढता थांबली. "गोण्या चौदा व्हत्यात, भाऊ. किलो बी चौदाच."

ती पुढे बसली आणि तिनं आत सरकून दाराजवळची जागा मोकळी केली. गोपालनं गाडी चालू केली आणि नाना चढेपर्यंत वाट पाहिली.